पगार कोणाच्या खिशातून येतो?

माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक कवितेची, ती घरी असते. दुसरी बीडमधल्या एका सिमेंट-लोखंडाच्या दुकानातली, उधारीची. गेली अठ्ठावीस वर्षं ती मी लिहितो आहे. बी.ए.ला माझा विषय मराठी होता, अर्थशास्त्राशी माझा संबंध परीक्षेपुरताही आला नाही. पण तेजी आणि मंदी म्हणजे काय, ती कोणाच्या दारात आधी येते आणि कोणाच्या दारात उशिरा, हे मला या दुसऱ्या वहीनं दाखवलं. आज तिच्याबद्दल बोलतो.

आपल्या जिल्ह्यातली माणसं कामासाठी बाहेर पडतात, हे सांगायला नको. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघालेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण त्याखेरीज पुण्या-मुंबईला सेंट्रिंगवर, फरशीवर, वायरिंगवर जाणारी मुलं आहेत. जिनिंगवर राबणारी आहेत, आखातात जाणारी आहेत. ही मुलं, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या आया, मला दुकानात येऊन एकच प्रश्न विचारतात: कोणत्या लाइनीत काम पक्कं आहे? बांधकामात मंदी आहे म्हणतात, खरं का? निर्यातीचा माल करणारा कारखाना बरा का?

माझं म्हणणं असं, की ‘लाइन’ हा शब्दच घोटाळा करतो. बांधकाम ही एक लाइन नाही. एकाच इमारतीवर काम करणाऱ्या दोन माणसांना मंदी वेगवेगळ्या वर्षी भेटते. म्हणून आधी इमारत कशी चढते ते बघू.

हजार चौरस फुटांचं साधं घर घ्या. ढोबळ हिशेबानं त्याला चारशे पोती सिमेंट आणि चार टनांच्या आसपास सळई लागते. पण हा माल एकदम उचलला जात नाही. आधी पाया खोदला जातो, मग सळई कापून बांधली जाते, त्यासाठी बाइंडिंग तार लागते. मग सेंट्रिंगवाले फळ्या-प्लेटा लावतात, स्लॅब पडतो. मग वीटकाम, प्लास्टर, नळ आणि वायरिंग, फरशी, शेवटी पुट्टी आणि रंग. गावाकडचं घर असेल तर पायापासून रंगापर्यंत वर्ष लागतं, शहरातली चौदा मजली इमारत असेल तर तीन-चार वर्षं.

आता यात तेजी-मंदी कुठून शिरते बघा. पैसा आटला की माणूस सुरू असलेलं काम शक्यतो थांबवत नाही, नवं काम सुरू करत नाही. म्हणजे पहिला फटका खोदणाऱ्याला आणि सळई बांधणाऱ्याला. त्याच महिन्यात फरशीवाला आणि रंगवाला मात्र जोरात असतात, कारण ते दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या इमारती संपवत असतात. त्यांना वाटतं, मंदी वगैरे पेपरवाल्यांच्या गोष्टी आहेत.

८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी जाहीर झाली. त्यानंतरची वहीची पानं मी अजून जपून ठेवली आहेत. बाइंडिंग तारेची विक्री पुढच्या पंधरा दिवसांत जवळजवळ थांबली. सळई महिन्याभरात निम्म्यावर आली. पण पुट्टी आणि पांढरं सिमेंट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात होतं. आमच्या गल्लीतला एक रंगारी तेव्हा मला म्हणाला होता, “मुनीमजी, तुमच्या मालकाचा धंदा बसला म्हणतात, मला तर श्वास घ्यायला वेळ नाही.” पुढच्या दिवाळीला तोच रंगारी दुकानाच्या पायरीवर बसलेला असायचा. ज्या घरांना त्यानं रंग द्यायचा, त्यांचे पाये वर्षापूर्वी खोदलेच गेले नव्हते.

तेव्हापासून कोणी बांधकामाच्या कामाबद्दल विचारलं, की मी उलट विचारतो: इमारत कितव्या पायरीवर आहे आणि तुझं काम कितव्या पायरीचं? सेंट्रिंगवाल्यानं आजूबाजूला नवे पाये खोदले जाताहेत का ते बघायचं. फरशीवाल्यानं आजचे पाये बघून दीड-दोन वर्षांनंतरचा अंदाज बांधायचा, कारण त्याची आजची रोजी जुन्या निर्णयांवर चालली आहे. आणि तेजी परत येते तेव्हाही क्रम हाच. बाइंडिंग तार आधी हलते, रंगाचा डबा शेवटी.

पायरी कळली की दुसरी गोष्ट बघायची. हे काम कोणाच्या खिशातल्या पैशावर चाललंय?

आपल्या बीडमध्ये घरं बहुतेक स्वतःच्या पैशानं बांधली जातात. त्या पैशाचे झरे ठरलेले आहेत: कापूस, ऊस, मास्तरांचा पगार, आखातातून आलेली रक्कम. कापसाला भाव मिळाला की संक्रांतीनंतर पाये खोदले जातात. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, त्या वर्षी खेड्यांतून येणाऱ्या ट्रॅक्टरांची दुकानासमोर रांग लागायची. याउलट २०१८ साली पाऊस गेला, शेतकऱ्याचं गिऱ्हाईक दिसेनासं झालं. पण राज्य कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग २०१९च्या जानेवारीत लागू झाला आणि शिक्षक, ग्रामसेवक यांची घरं सुरू झाली. दुष्काळातही शहरातल्या गवंड्याला काम होतं, खेड्यातल्याला नव्हतं. दिल्ली-मुंबईत कोणती मंदी आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आपल्याकडचं मोठं चक्र अजूनही पावसाचं आहे. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ला आणि पुन्हा २०१५ला पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. विजेची मागणी नव्हती म्हणून ते थांबलं नाही, धरणात पाणी नव्हतं म्हणून थांबलं.

सरकारी कामाचा खिसा निराळा. लोकांना वाटतं सरकारी काम म्हणजे पक्कं. तेजी-मंदीचा वारा त्याला कमी लागतो हे खरं, उलट मंदीत सरकार कधीकधी मुद्दाम रस्ते काढतं. पण मंजुरी वेगळी आणि पैसा वेगळा. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला, आणि बीडच्या स्थानकात पहिली प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ला, नगरचं अहिल्यानगर झाल्यावर. तीस वर्षं. या तीस वर्षांत त्या मार्गावर काम मिळालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. काम मिळायचं, निधी संपला की थांबायचं, पुन्हा पुढच्या तुकड्यावर सुरू व्हायचं. शिवाय कंत्राटदाराला बिल मिळेपर्यंत उपकंत्राटदार थांबतो, आणि उपकंत्राटदार थांबला की मजूर थांबतो. २०२५ साली राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारी कामात नोकरी जात नाही, पगार रेंगाळतो. ज्याच्या घरी दुसरं कोणी कमावतं आहे त्याला ते परवडतं. ज्याच्या डोक्यावर दरमहा हप्ता आहे त्याला परवडत नाही.

तिसरा खिसा घर विकत घेणाऱ्यांचा. पुण्या-मुंबईचे बिल्डर मुख्यतः याच खिशावर बांधतात, आणि उरलेलं कर्जावर. हा खिसा सगळ्यात लवकर फुगतो आणि सगळ्यात लवकर रिकामा होतो. २०२०मध्ये टाळेबंदीनंतर सरकारनं घरांवरचं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं, तर दस्त नोंदणीला गर्दी उसळली. उलट सप्टेंबर २०१८मध्ये आयएलअँडएफएस ही मोठी वित्तसंस्था कर्ज फेडू शकली नाही, तेव्हा बिल्डरांना पैसे देणाऱ्या इतर कंपन्यांनीही हात आखडला आणि विकली न गेलेली कामं जागच्या जागी थांबली.

या खिशाचा सगळ्यात मोठा धडा आमच्या मोहल्ल्याला दुबईनं दिला. २००५ ते २००८ या काळात आमच्याकडची कितीतरी मुलं तिकडे सेंट्रिंगवर गेली. तिथल्या इमारतींतली घरं पाया पडण्याआधी विकली जायची, आणि घेणारे बरेचसे राहण्यासाठी नव्हे, पुन्हा विकण्यासाठी घ्यायचे. जगभर २००८ची मंदी आली तसे हे घेणारे नाहीसे झाले. २५ नोव्हेंबर २००९ला दुबई वर्ल्ड या सरकारी समूहानं कर्जफेडीसाठी मुदत मागितली, तोपर्यंत आमची मुलं परतून बीड बसस्थानकावर उतरूनही झाली होती. राहिले कोण? हॉटेलांतल्या वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणारे, लिफ्ट दुरुस्त करणारे, वीजवाले. उभ्या असलेल्या इमारतीची यंत्रं मंदीतही बिघडतात. एकाच गल्लीतले, एकाच विमानानं गेलेले दोघे, त्यातला सुतार परत आला आणि एसीवाला राहिला.

आता निर्यातीचं. आपल्या जिल्ह्यात निर्यातीशी नातं सांगणारा कारखाना म्हणजे जिनिंग. कपाशी आत जाते, क्विंटलमागे साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. त्या कोईमतूरच्या गिरणीत जातात किंवा बांगलादेशाला. कापसाचा भाव वाढला की जिनिंगला बरे दिवस येणार, असं कोणालाही वाटेल. पण जिनिंगच्या कामगाराची रोजी भावावर नाही, गाडीभर कापूस दारात येतो की नाही यावर चालते. २०२२ला भाव उच्चांकाला गेला. पुढच्या हंगामात भाव उतरला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो भाव पुन्हा येईल या आशेनं कापूस घरात भरून ठेवला. आमच्याकडे झोपायच्या खोलीत कापूस आणि माणसं ओसरीवर, असं चित्र होतं. आपली रुई बाहेरच्यापेक्षा महाग राहिली, निर्यात खूपच घटली, आणि जिनिंगची यंत्रं दिवसाआड चालू लागली.

याउलट भाव पडतो तेव्हा काय होतं? बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपलं सीसीआय, खरेदीला उतरतं. सीसीआयची स्वतःची यंत्रं नसतात. खाजगी जिनिंगांशी करार करून तिथेच कापूस घेतला जातो आणि तिथेच गाठी बांधल्या जातात. म्हणजे ज्या जिनिंगकडे हा करार आहे तिथे मंदीच्या वर्षी दोन पाळ्या चालतात, आणि शेजारच्या बिनकराराच्या जिनिंगमध्ये चौकीदार तेवढा असतो. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं आणि आपल्या सरकारनं त्याच महिन्यात परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. गिरण्यांना कच्चा माल स्वस्तात मिळावा म्हणून ते केलं, पण इथल्या कापसाच्या भावावर दडपण आलं. तेव्हा जिनिंगमध्ये कामाला जायचं असेल तर अमेरिका काय म्हणते ते वाचा जरूर, पण आधी फाटकावर विचारा: यंदा सीसीआयचं केंद्र इथे आहे का? एवढं मात्र लक्षात ठेवायचं, की तेजी असो की मंदी, जिनिंग हंगामी आहे. दिवाळीपासून फार तर एप्रिलपर्यंत.

हे सगळं एका माणसावर लावून बघू. माझा भाचा आयटीआय वीजतंत्री आहे. गेल्या वर्षी त्याच्या हातात तीन कामं होती. पुण्यात एका चौदा मजली इमारतीवर तेवीस हजार. जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये चौदा हजार. आणि एका सरकारी इमारतीच्या उपकंत्राटदाराकडे अठरा हजार. माझ्या बहिणीनं धाकटीच्या लग्नासाठी दागिने गहाण ठेवले होते, अठरा महिन्यांत सोडवायचे होते. महिन्याला नऊ हजार तिकडेच जाणार. म्हणजे प्रश्न आयुष्यभराच्या नोकरीचा नव्हता. अठरा महिने, खंड न पडता, हे एवढंच मोजायचं होतं.

जिनिंगचा हंगाम सहा महिन्यांचा, पुढे यंत्रांच्या देखभालीला अर्ध्या पगारावर ठेवू असं मालक म्हणाला. सात हजारांत नऊ हजारांचा हप्ता बसत नाही. सरकारी इमारतीच्या मजुरांना मी विचारलं, शेवटचा हिशेब कधी झाला? तीन महिन्यांपूर्वी. खर्ची दर बाजाराला मिळते, हिशेब बिल आल्यावर. खर्चीवर पोट चालतं, हप्ता चालत नाही.

उरलं पुणं. “मामू, बिल्डर म्हणतो पाच टॉवर आहेत, पाच-सहा वर्षं काम आहे,” असं भाचा म्हणाला. मी म्हटलं, “बेटा, तो म्हणतो ते राहू दे, महारेरावर काय लिहिलंय ते उघड.” १ मे २०१७पासून राज्यात हा कायदा लागू आहे. मोठ्या प्रकल्पाला नोंदणी केल्याशिवाय घरं विकता येत नाहीत, आणि नोंदणीचं पान कोणालाही मोबाइलवर बघता येतं. घर घेणारेच ते बघतात. माझं म्हणणं, तिथे कामाला जाणाऱ्यानंही बघावं. आम्ही तीन गोष्टी बघितल्या. नोंदणी एकाच टॉवरची होती, पाचांची नव्हती. पूर्ण करण्याची तारीख वीस महिन्यांपुढची होती. आणि एकशे ऐंशीपैकी एकशे अडतीस घरांची नोंदणी झालेली होती.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. आपल्याकडच्या नमुना करारनाम्यात ग्राहकाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेले आहेत. जोत्यापर्यंत पंचेचाळीस टक्के, सगळे स्लॅब होईपर्यंत सत्तर टक्के घेता येतात, शेवटचे पाच टक्के ताबा देताना. पुन्हा कायदा म्हणतो, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे. म्हणजे चारांतली तीन घरं विकली गेलेली इमारत मंदी आली तरी बहुधा पुरी होते, कारण प्रत्येक मजल्यामागे कोणाचा तरी हप्ता उभा असतो. तीच चारांतलं एकच घर विकली गेलेली असती तर मी त्याला जाऊ दिलं नसतं, मग पगार तीस हजार का असेना. कायदा आहे म्हणून कोणतीही इमारत अडकत नाही असं मात्र समजू नका. अडकलेल्या इमारतींची यादीही त्याच महारेराकडे आहे.

मग पायरी बघितली. नववा स्लॅब पडला होता. महिन्याला एक धरला तर पाच महिने स्लॅबचे. वीजवाल्याचं काम तिथे दोनदा येतं: स्लॅब भरण्याआधी पाइप टाकायला, आणि प्लास्टरनंतर तारा ओढायला. म्हणजे पाइपांचे पाच महिने आणि त्यानंतर तारा, बटणं, मीटर, लिफ्टची जोडणी यांचं जवळपास वर्ष. बेरीज सतरा-अठरा महिने. आम्हाला हवं होतं तेवढंच.

जाताना मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, नव्वद दिवस भरले की ठेकेदाराकडून दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो तो याच मंडळासाठी, आणि आपली मुलं तो सोडून देतात. दुसरी गोष्ट मी माझ्या वहीतून शिकलेली. गिऱ्हाईक बुडण्याच्या आधी कधी ओरडत नाही, त्याची उधारी लांबते. तीस दिवसांत पैसे देणारा ठेकेदार पंचेचाळीसवर जातो, मग साठवर. मग सळईची पूर्ण गाडी मागवणारा अर्धी मागवतो. साइटवरच्या पोराला माझी वही दिसत नाही, पण तेच त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं: खर्ची रविवारची बुधवारी मिळू लागते, सिमेंटची गाडी आठवड्याला दोनदाऐवजी एकदा येते, अनुभवी फिटर न सांगता दुसऱ्या साइटवर जायला लागतात. यातलं एक दिसलं तर लक्ष ठेवायचं. दोन एकदम दिसली तर फोन लावायला सुरुवात करायची, नोकरी असतानाच. साइट बंद पडल्यावर एकाच दिवशी शंभर माणसं तेच फोन लावत असतात.

तो दर रविवारी फोन करतो. “कसा आहेस”च्या आधी मी “कितवा मजला” विचारतो, यावरून बहीण माझ्यावर चिडते. सहा हप्ते तिनं भरले आहेत, बारा राहिलेत. स्लॅब सगळे झाले, आठव्या मजल्यापर्यंत तारा ओढून झाल्या आहेत. मागच्या वेळी तो म्हणाला, “मामू, शेजारच्या प्लॉटला पत्रे ठोकलेत, दुसरा टॉवर सुरू होतोय म्हणतात.” मी विचारलं, पाटीवर महारेराचा नंबर आहे का? तो जाऊन बघून आला. नंबर अजून नाही.